थकबाकीच्या पत्रातली चौदा वाक्यं : एका मसुद्याची तपासणी

(ओळख पटू नये म्हणून नावं, ठिकाणाचे बारकावे आणि काही रकमा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत दोन भागीदारांचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. एक मोठी कंपनी त्यांना कास्टिंग पाठवते आणि ते मशीनिंग करून परत देतात, म्हणजे शुद्ध जॉबवर्क. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी 2021 सालची आहे. खरेदी आदेशात 30 दिवसांची उधारी स्पष्ट लिहिलेली आहे.

2023-24 या आर्थिक वर्षात चार बिलं थकली. 14 जून 2023 चं 2,80,000, 22 ऑगस्टचं 3,36,000, 9 नोव्हेंबरचं 2,80,000 आणि 18 जानेवारी 2024 चं 2,24,000 रुपयांचं. जॉबवर्कवर तेव्हा लागणारा 12 टक्के जीएसटी धरून एकूण 11,20,000 रुपये. त्यातले 2,00,000 रुपये 30 मार्च 2024 रोजी एनईएफटीने आले. ते कोणत्या बिलापोटी आहेत, हे कंपनीने कळवलं नाही. त्यानंतर वर्षभर फोन, आश्वासनं आणि ‘पुढच्या पेमेंट सायकलला बघू’ एवढंच चाललं.

एप्रिल 2025 मध्ये थोरल्या भागीदारांनी स्वतः पत्र लिहायला घेतलं. रात्री बसून दीड पान लिहिलं आणि सकाळी लेखापाल बाईंना टाइप करून लगेच पाठवायला सांगितलं. बाईंनी टाइप केलं, पण पाठवलं नाही. ‘साहेब, एक दिवस द्या. यातल्या आकड्यांचे कागद मला आधी बघू द्या,’ असं त्या म्हणाल्या. हा एक दिवस मिळाला, म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं.

अडचण : पत्रात नेमकं काय होतं

थकलेले पैसे मागणं यात गैर काहीच नव्हतं. पण अशा पत्राचा वाचक फक्त समोरचा लेखा विभाग नसतो. वाद वाढला तर हेच पत्र सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेसमोर, लवादासमोर किंवा न्यायालयात जोडपत्र म्हणून लागतं, आणि तेव्हा ते विरुद्ध पक्षाचा वकील वाचतो. त्याच्या हाती उपयोगी पडेल असं एकही वाक्य पत्रात राहू नये, हा तपासणीचा खरा हेतू.

बाईंनी मसुदा तीनदा वाचला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधली. पहिल्या वाचनात समोरच्याच्या हेतूबद्दल किंवा चारित्र्याबद्दल काही म्हणणारी वाक्यं निवडली आणि प्रत्येकापुढे समासात लिहिलं : ‘कागद कोणता?’ दुसऱ्या वाचनात ‘अन्यथा’, ‘नाहीतर’, ‘न दिल्यास’ या शब्दांनी सुरू होणारं सगळं अधोरेखित केलं. तिसऱ्या वाचनात ‘आम्ही’ कर्ता असलेली वाक्यं आणि ‘मान्य’, ‘चूक’, ‘दिलगीर’, ‘ठरलं होतं’ हे शब्द शोधले. एकाच वाचनात तिन्ही शोधायला गेलं की आरोपांवरच लक्ष खिळतं. ते झणझणीत असतात. कबुली मात्र नम्र भाषेत लिहिलेली असते, त्यामुळे ती नजरेतून निसटते.

पाच आरोप, सहा धमक्या आणि तीन कबुल्या, अशी चौदा वाक्यं निघाली.

आरोपांची वाक्यं

पहिला आरोप असा : ‘आपण आमच्या खात्यात 68,000 रुपयांची अफरातफर केली आहे.’ वर्कशॉपच्या वहीत 9,20,000 येणं होतं आणि कंपनीने मेलवर पाठवलेल्या खातेउताऱ्यात 8,52,000. हा फरक भागीदारांना सरळ लबाडी वाटला होता.

बाईंनी फॉर्म 26एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा करकपातीचा उतारा, काढला. कंपनीने कलम 194सी खाली, जीएसटी वगळून 10,00,000 रुपयांवर 2 टक्के दराने 20,000 रुपये टीडीएस कापून भरला होता. तो वर्कशॉपच्या पॅनवर जमाही दिसत होता, फक्त वहीत घेतला गेला नव्हता. उरले 48,000. ती कंपनीची 11 ऑक्टोबर 2023 ची डेबिट नोट, म्हणजे बिलातली कपात कळवणारा कागद, होती : ऑगस्टच्या बिलातले 40 नग नापसंत, कर धरून 1,200 रुपये नगाप्रमाणे. म्हणजे 68,000 पैकी एक रुपयाही गायब नव्हता. ‘अफरातफर’ हा शब्द तसाच गेला असता, तर कंपनीने दोन कागद जोडून पहिल्याच परिच्छेदात पत्र खोटं पाडलं असतं. मग बाकीच्या खऱ्या मागणीवरही संशय बसला असता.

दुसरा आरोप होता, ‘खोटी डेबिट नोट’. चलनांची फाइल पाहिल्यावर कळलं की 40 पैकी 25 नग रीवर्क करून परत दिले होते आणि त्या चलनावर कंपनीच्या स्टोअरची सही-शिक्का होता. 15 नग खरोखरच परत गेले नव्हते. म्हणून डेबिट नोट खोटी नव्हती. ती 30,000 रुपयांनी जास्तीची होती आणि 18,000 रुपयांपुरती बरोबर होती. ‘खोटी’ म्हटलं की हेतू सिद्ध करावा लागतो. ‘25 नगांचं रीवर्क चलन विचारात घेतलेलं नाही’ म्हटलं की एक चलन जोडलं की झालं.

तिसरं वाक्य ‘पहिल्यापासूनच आमचे पैसे बुडवायचा आपला हेतू होता’ हे. याला कागद नव्हता. उलट मार्च 2024 चे दोन लाख त्याच्या विरोधात जात होते. चौथं, ‘इतर पुरवठादारांनाही असंच फसवलंत’, हे चहाच्या टपरीवरचं ऐकीव होतं.

पाचवं सगळ्यांत धोक्याचं. खरेदी विभागातल्या एका अधिकाऱ्याचं नाव घेऊन लिहिलं होतं की बिल पास करायला तो पैसे मागतो. ही गोष्ट टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलेली. तारीख नाही, संदेश नाही, कुणी प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. शिवाय हे वाक्य वाचणारा पहिला प्रश्न विचारणार : मग तुम्ही दिलेत का? म्हणजे ज्याला आरोप म्हणून लिहिलं, ते स्वतःकडेच वळू शकतं. बाईंनी ते पूर्ण काढलं. अशी तक्रार खरी असेल आणि पुरावा असेल, तर ती त्या कंपनीच्या वरिष्ठांकडे स्वतंत्रपणे जाते. थकबाकीच्या पत्रात तिला दबावाचं साधन म्हणून जागा नाही.

मसुद्याच्या तळाशी असलेली ‘प्रत’ची ओळ आरोपांइतकीच महत्त्वाची होती. कंपनीचा मोठा ग्राहक, तिची बँक आणि उद्योग संघटनेचा सचिव, अशा तिघांना प्रत जाणार होती. बदनामी होण्यासाठी मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचावा लागतो. फक्त ज्याला उद्देशून लिहिलं त्यालाच बंद पाकिटात पाठवलेल्या कठोर पत्राची गोष्ट वेगळी. तेच पत्र तिघांना पाठवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली फौजदारी तक्रारीला आणि दिवाणी नुकसानभरपाईच्या दाव्याला जागा मिळते. ‘खरं आहे’ हा बचाव असतो, पण तो सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, आणि इथे सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं. ‘प्रत’ची ओळ पूर्णपणे गेली.

धमक्यांची वाक्यं

सहा धमक्या अशा होत्या : 420 चा गुन्हा दाखल करू, तुमच्या ग्राहकाला सांगू, जीएसटी खात्याला कळवू, बँकेला सांगून खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरवायला लावू, संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकू आणि एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दिवाळखोरीचा अर्ज करू.

यातल्या दोन सरळ पोकळ होत्या. दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करायला थकबाकी किमान 1 कोटी लागते. ही मर्यादा मार्च 2020 पासून आहे. नऊ लाखांच्या थकबाकीवर तो रस्ता उघडतच नाही. बँकेचंही तसंच. कर्जखातं एनपीए होतं ते त्याच बँकेचे हप्ते थकल्यावर, पुरवठादाराच्या सांगण्यावरून नव्हे. समोरच्या कंपनीत कायदा विभाग आहे. पोकळ धमकी वाचली की त्यांना कळतं की पत्र लिहिणाऱ्याने कुणाला विचारलेलं नाही, आणि उत्तर द्यायची घाई संपते.

‘420’ वर भागीदार अडून बसले. ‘मॅडम, पोलिसांचं नाव काढल्याशिवाय हे लोक हलत नाहीत,’ हे त्यांचं म्हणणं. त्यामागे वर्षभराचा अनुभव होता, म्हणून ते झटकून टाकण्यासारखं नव्हतं. पण फसवणुकीच्या गुन्ह्याला व्यवहार सुरू होतानाच लबाडीचा हेतू असावा लागतो. माल घेतला, काही पैसे दिले आणि उरलेले थकवले, एवढ्याने तो गुन्हा होत नाही. दिवाणी वसुलीसाठी फौजदारी कारवाईचा दबाव आणण्याची प्रवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या 2006 च्या निकालात स्पष्ट शब्दांत नापसंत केली आहे. म्हणजे हे वाक्य उद्या कंपनीच्याच उपयोगाचं : ‘पाहा, यांना न्याय नको, धाक हवा.’ पोलिसांचं नाव निघालं.

ग्राहकाला सांगू आणि ग्रुपवर नाव टाकू, ही दोन वाक्यं वेगळ्या कारणाने गेली. ‘पैसे द्या, नाहीतर तुमची अब्रू घालवू’ असा त्यांचा सरळ अर्थ होतो. अब्रूला इजा करण्याची धमकी देऊन काही करायला लावणं गुन्हेगारी धाकदपटशाच्या कलमाच्या जवळ जातं. हक्काचे पैसे असले तरी मागण्याची रीत बेकायदा होऊ शकते. जीएसटीची धमकीही काढली. कारण कर चुकवल्याचा कोणताही पुरावा हाती नव्हता.

मग पत्रात जोर कशाचा राहिला? जे खरोखर करता येतं आणि भागीदार खरोखर करणार होते, त्याचा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 प्रमाणे उधारीची मुदत कोणत्याही कराराने 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. कलम 16 प्रमाणे उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. बँक दर 2023 च्या फेब्रुवारीपासून 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज 20.25 टक्के. मसुद्यात बिलाच्या तळाशी छापलेला 24 टक्के दर घेतला होता. त्यावर कंपनीची सही कुठेच नव्हती. कायद्याचा दर थोडा कमी असला तरी त्याला कुणाच्या संमतीची गरज नाही. हिशेब मांडल्यावर व्याज तीन लाखांहून थोडं अधिक निघालं. कोणत्या कालावधीला कोणता दर लावला, हे वेगळ्या तक्त्यात दाखवलं.

यात आणखी एक वाक्य घातलं. 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) प्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. चारही बिलं 2023-24 मधली, म्हणून मुद्दा लागू होता. हे धमकी म्हणून लिहिलं नाही. ‘आपल्या लेखापरीक्षकांच्या माहितीसाठी’ इतकंच लिहिलं. आयकर खात्याला कळवू असं म्हणण्याची गरज उरली नाही, कारण कंपनीच्या लेखापरीक्षकाला हे कलम पाठ असतं.

कबुलीची वाक्यं

तीन कबुल्यांवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. तिन्ही भागीदारांनी प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या.

‘आमच्याकडूनही माल खराब गेला हे आम्ही मान्य करतो.’ यात किती नग, कोणत्या बिलातले, कधीचे, काहीच नाही. ‘माल खराब’ हे चारही बिलांना लागू पडतं. पंधरा नगांची चूक साडेआठ लाखांच्या वादात बदलायला एवढं वाक्य पुरतं.

इथे एक मोह झाला. त्याच उद्योग विकास अधिनियमात माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल, तर माल स्वीकारला असं धरतात. डेबिट नोट 50 दिवसांनी आलेली. मग ‘आपण मुदतीत कोणतीही हरकत घेतली नाही’ असं ठणकावून लिहावं, असं भागीदारांनी सुचवलं. बाईंनी त्यांचा फोन मागितला. 30 ऑगस्ट 2023 ला कंपनीच्या क्वालिटीवाल्याने व्हॉट्सअॅपवर नापसंत नगांचे फोटो पाठवले होते आणि त्याला उत्तर गेलं होतं : ‘हो साहेब, बघून देतो.’ डिलिव्हरीनंतर आठव्या दिवशी. ती हरकत लेखी धरायची की नाही यावर वकील वाद घालतील, पण ‘कोणतीही हरकत नाही’ हे विधान त्या एका स्क्रीनशॉटने कोसळलं असतं. म्हणून धोक्याची कबुली काढताना तिच्या जागी खोटा नकार घालायचा नाही, हे ठरलं. नेमकी वस्तुस्थिती आली :

‘22 ऑगस्ट 2023 च्या बिलातील 40 नगांपैकी 25 नग रीवर्क करून आपल्या स्टोअरने स्वीकारले आहेत (चलन सोबत). उर्वरित 15 नगांची रु. 18,000 ही रक्कम आम्ही मागणीतून वजा केली आहे. इतर नगांबाबत आमच्या नोंदीत हरकत आढळत नाही.’

दुसरी कबुली : ‘तुमच्या ग्राहकाकडून पैसे आले की द्यायचे असं आपलं ठरलं होतं, तरी आम्ही इतके दिवस थांबलो.’ भागीदारांना यातून आपला समजूतदारपणा दाखवायचा होता. प्रत्यक्षात या वाक्याने 30 दिवसांची लेखी मुदत मोडीत निघते आणि पैसे देय कधी झाले, हाच प्रश्न उघडा पडतो. ‘ठरलं होतं’ कुठे, असं विचारल्यावर कळलं की 2022 मध्ये, दुसऱ्याच कामाच्या वेळी, खरेदीवाले फोनवर एकदा तसं बोलले होते. भागीदारांनी तेव्हा हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. जे ठरलंच नाही, ते ठरलं होतं असं स्वतःच्या लेटरहेडवर कशाला लिहायचं? वाक्य गेलं. त्या जागी खरेदी आदेशाचा क्रमांक आणि त्यातल्या उधारीच्या कलमाचा उल्लेख आला.

तिसरी : ‘सात लाख दिलेत तरी आम्ही विषय संपवू.’ मागणीच्या पत्रात हे आलं की मागणीची वरची मर्यादा सात लाखांवर येऊन बसते आणि पुढची सगळी बोलणी तिथून खाली सुरू होतात. तडजोडीला हरकत नव्हती. ती वेगळ्या पत्रातून आणि ‘हक्क अबाधित राखून’ असं स्पष्ट लिहून करायला हवी. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्येही दिवाणी प्रकरणात पुरावा म्हणून वापरायची नाही या अटीवर केलेली कबुली बाजूला ठेवण्याची सोय आहे. पण ते शब्द मागणीच्या पत्रावर सवयीने छापून उपयोग होत नाही. मागणीचं पत्र तर पुरावा म्हणून वापरायचंच असतं.

समोर असलेले पर्याय

मसुदा थोडा मवाळ करून पाठवायचा, हा पहिला पर्याय. पण आरोप आणि कबुल्या एकमेकांत गुंतलेल्या होत्या, त्यामुळे शब्द बदलून भागत नव्हतं. थेट वकिलाची नोटीस हा दुसरा. तो जास्त वजनदार, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटचं काम अजून चालू होतं आणि नोटीस गेली की खरेदी विभाग तेही थांबवेल अशी भीती होती. तिसरा म्हणजे पत्रच न पाठवता थेट सरकारच्या समाधान पोर्टलवर परिषदेकडे अर्ज. तो करता आला असता, पण 8,52,000 आणि 9,20,000 मधला फरक समजावल्याशिवाय अर्जातही हाच गोंधळ गेला असता.

चौथा पर्याय निवडला : वर्कशॉपच्याच लेटरहेडवर स्वच्छ पत्र, सोबत हिशेबाचा तक्ता, मुदत 15 दिवस, आणि त्यानंतर परिषदेकडे जाणार एवढंच एक पुढचं पाऊल. तयार पत्र ओळखीच्या वकिलांनी अर्ध्या तासात पाहून दिलं. त्यांनी एकच दुरुस्ती केली. ‘आम्ही कायदेशीर कारवाई करू’ ऐवजी ‘कलम 18 खाली सुविधा परिषदेकडे अर्ज करू’ असं नेमकं लिहायला सांगितलं.

मुदतवाढीचा मुद्दाही त्यांनीच काढला. दावा करण्याची मुदत देय दिनांकापासून तीन वर्षं. पहिलं बिल 14 जुलै 2023 ला देय झालं, म्हणून जुलै 2026 पर्यंत वेळ होता. आपण पाठवलेल्या पत्राने ही मुदत वाढत नाही. देणेकऱ्याने मुदतीत लेखी, सहीनिशी देणं मान्य केलं तर मर्यादा अधिनियम, 1963 च्या कलम 18 प्रमाणे ती नव्याने मोजली जाते. म्हणून पत्रासोबत शिल्लक पुष्टीचा, म्हणजे इतकं देणं बाकी असल्याचं मान्य करणारा, अर्ध्या पानाचा नमुना जोडला, खाली कंपनीच्या सही-शिक्क्याची जागा ठेवून.

केलेली कारवाई

पाठवलेलं पत्र एका पानात बसलं. विषय : ‘थकीत रक्कम रु. 8,82,000 व त्यावरील व्याज’. पुढे खरेदी आदेश आणि चार बिलांचा तक्ता. मग वजा रकमा : मिळालेले 2,00,000, टीडीएस 20,000 आणि 15 नगांचे 18,000. आलेले दोन लाख पहिल्या बिलापोटी जमा धरल्याचं स्पष्ट लिहिलं. देणेकऱ्याने सांगितलं नसेल तर करार अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे हा हक्क घेणेकऱ्याला असतो. मग व्याजाचं कलम, 43बी(एच) चं एक वाक्य, 15 दिवसांची मुदत आणि परिषदेचा उल्लेख.

पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोंदणीकृत कार्यालयाला आणि ईमेलने लेखा प्रमुखांना गेलं. खरेदीवाल्याला प्रत नाही, ग्राहकाला नाही, कुणालाच नाही. मूळ हस्तलिखित मसुदा आणि टाइप केलेली प्रत, दोन्ही फाइलमधून बाजूला केल्या. चुकून जोडपत्रात मसुदाच जातो, असे प्रकार घडतात.

निष्पत्ती

अकराव्या दिवशी लेखा विभागाचं उत्तर आलं. टीडीएस आणि 15 नगांबाबत वाद नव्हता. 25 नगांच्या रीवर्क चलनाची प्रत त्यांनी मागितली, ती त्याच दुपारी मेल केली. आठवड्याभरात शिल्लक पुष्टी सही-शिक्क्यासह 8,82,000 रुपयांची परत आली. या एका कागदाने मुदतीची चिंता संपली.

व्याजाला मात्र त्यांनी सुरुवातीला नकार दिला. भागीदारांनी परिषदेचा अर्ज खरोखर तयार करून ठेवला आणि मुदत संपल्यावर तसं एका ओळीत कळवलं. त्यानंतर बोलणी झाली. तडजोडीचं पत्र वेगळं, हक्क अबाधित राखून लिहिलेलं. शेवटी मुद्दल पूर्ण, तीन हप्त्यांत, आणि व्याजापोटी 90,000 रुपये असं ठरलं. तिसरा हप्ता तीन आठवडे उशिरा आला. दुसऱ्या प्लांटचं काम चालू राहिलं.

तीन लाखांच्या व्याजातले नव्वद हजारच मिळाले, हे भागीदारांना अजूनही खटकतं. परिषदेत गेले असते तर अधिक मिळण्याची शक्यता होती, पण तिथे आधी समेट आणि मग लवाद अशा दोन पायऱ्या आहेत आणि वेळ लागतो. हा निर्णय दोन्ही बाजूंनी समर्थनीय आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डेबिट नोट आली त्याच आठवड्यात तिला लेखी उत्तर द्यायला हवं होतं : 25 नग रीवर्कला घेतले, 15 मान्य. तसं झालं असतं तर 15 नगांची जीएसटी क्रेडिट नोट वेळेत काढता आली असती. 2023-24 च्या पुरवठ्यासाठी ती 30 नोव्हेंबर 2024 पर्यंतच विवरणपत्रात दाखवता येत होती. एप्रिल 2025 मध्ये ही मुदत गेलेली होती, म्हणून 18,000 मधला सुमारे 1,900 रुपयांचा कर वर्कशॉपच्या खिशातून गेला.

26एएस दर तिमाहीला वहीशी जुळवला असता, तर ‘अफरातफर’ हा शब्द मसुद्यात आलाच नसता. आणि शिल्लक पुष्टी दरवर्षी 31 मार्चला मागायची पद्धत असती, तर 2024 सालीच डेबिट नोटेचा फरक समोर आला असता, तोही थकबाकीचा राग नसताना. लेखापाल बाईंनी आता 31 मार्चच्या पुष्टीपत्रांची यादी करून ठेवली आहे. व्हॉट्सअॅपवर नापसंत नगांबद्दल संदेश आला की त्याला नगांची संख्या, बिल क्रमांक आणि रीवर्कची तारीख घालूनच उत्तर द्यायचं, अशी ओळ क्वालिटीच्या टेबलावर लावली आहे.